मी न गेलेला इंटरव्ह्यू

"तुमची प्रोफाइल शॉर्टलिस्ट झालीय सर. येत्या आठवड्यात कंपनीकडून इंटरव्ह्यूचा कॉल येईल, फोन चालू ठेवा." कन्सल्टन्सीतल्या मॅडमचा हा फोन आला तेव्हा मी अंबडच्या कारखान्यात, सेकंड शिफ्टला, हातात व्हर्नियर घेऊन उभा होतो. चाकणची कंपनी, क्वालिटी इंजिनिअरची जागा. फोन चालू ठेवला. शॉपफ्लोअरवर रेंज नसते म्हणून डबासुद्धा गेटजवळ बसून खाऊ लागलो.

तीन आठवडे गेले. मधे दोनदा मॅडमना व्हॉट्सॲपवर विचारलं, "एनी अपडेट, मॅडम?" दोन्ही मेसेजना एकच टिक. मला वाटलं, ब्लॉक केलं. मग कशाला विचारायचं परत? गप्प बसलो.

आमचे दाजी दुसऱ्या एका कारखान्यात एचआरला आहेत. रविवारी घरी आले, तेव्हा ताईनंच विषय काढला. दाजींनी माझा फोन हातात घेतला आणि म्हणाले, "अरे, फोन बंद असला तरी एकच टिक दिसते. ब्लॉकच केलं कशावरून? आणि मेसेज पोचला असता तरी ती काय सांगणार होती? तिच्याकडे अशा कितीतरी जागा. तू कोण, कुठल्या जागेचा, हे तिनं शोधत बसायचं का?"

मग त्यांनी समोर बसवून मेल लिहून घेतला. नवा नाही, कन्सल्टन्सीच्या पहिल्या मेललाच रिप्लाय, म्हणजे मागचं सगळं खाली दिसतं. सोबत कन्सल्टन्सीच्या ऑफिसचा कॉमन आयडी सीसीत. जागेचं नाव, जॉब कोड, शॉर्टलिस्टचा फोन कधी आला ती तारीख आणि खाली एकच प्रश्न: जागा अजून चालू आहे, होल्डवर आहे की भरली? 'या संधीसाठी मी अत्यंत उत्सुक आहे' असं मी वर घातलं होतं, ते दाजींनी काढायला लावलं. मेल मंगळवारी सकाळी अकराला पाठव म्हणाले. सोमवारी सगळेच तुंबलेले असतात, आणि महिनाअखेरीला एचआर हजेरी नि पगारात बुडालेलं असतं.

दोन तासांत फोन आला, पण वेगळ्याच माणसाचा. त्या मॅडम पंधरा दिवसांपूर्वी नोकरी सोडून गेल्या होत्या. नंबर ऑफिसच्या सिमचा, आणि ते सिम ड्रॉवरमध्ये पडून होतं. त्यानं जॉब कोड टाकून यादी उघडली, थोडा थांबला आणि म्हणाला, "सर, तुमच्या नावापुढे 'नो शो' लिहिलंय."

मी उडालोच. ज्या कॉलची वाट बघत गेटजवळ डबा खात होतो, त्याच इंटरव्ह्यूला मी गैरहजर!

त्यानं मेल आयडी वाचून दाखवला तेव्हा उलगडा झाला. तो माझा कॉलेजातला आयडी होता, टोपणनावाचा. सहा वर्षांपूर्वी याच कन्सल्टन्सीकडे सीव्ही दिला होता. नवा सीव्ही मी मॅडमना व्हॉट्सॲपवर पाठवला, पण कंपनीकडे गेलेल्या एक्सेलमध्ये आयडी उचलला गेला तो जुन्या नोंदीतला. रात्री पासवर्ड रीसेट करून ते खातं उघडलं. जाहिरातींच्या ढिगात टीम्सचं निमंत्रण दिसलं: गुरुवार, दुपारी तीन. त्याच्या वर त्याच दिवशीचा, 3 वाजून 20 मिनिटांचा मेल: आम्ही आपली वाट पाहिली.

त्या क्षणी वाटलं, कन्सल्टन्सी गेली खड्ड्यात, कंपनीच्या साइटवर थेट अर्ज करावा. दाजींनी फोनवरच अडवलं. कन्सल्टंटनं पाठवलेला उमेदवार बऱ्याच कंपन्यांत काही महिने त्याच्याच नावावर धरतात. थेट अर्ज आला की 'डुप्लिकेट' म्हणून अडकतो, मग फी कुणाची यावर वाद, आणि अशा वादातला माणूस कुणालाच नको असतो. कंपनीला कन्सल्टंटनंच लिहायला हवं. म्हणून मी कन्सल्टन्सीतल्या त्या माणसाला निमंत्रणाचा स्क्रीनशॉट, बरोबर आयडी आणि मला जमतील अशा दोन वेळा पाठवल्या. मेल कसा चुकला ते एका ओळीत लिहिलं. चूक कुणाची, ते लिहिलं नाही. लिहायचं फार मनात होतं, हेही खरं.

त्यानं त्याच दिवशी पुढे पाठवलं आणि बजावून सांगितलं, "इतर दोघांचा दुसरा राउंड झालाय सर, आता सगळं डिपार्टमेंट हेडच्या हातात आहे." दोन दिवस फोन नाही. शुक्रवारी संध्याकाळी निमंत्रण आलं, या वेळी बरोबर आयडीवर. तरी मी जुनं खातंही उघडून बघितलं.

शनिवारी पावणेतीनलाच लॉग इन करून बसलो. हेड आले, सीव्हीवर नजर टाकली आणि पहिला प्रश्न तोच: "मागच्या वेळी का आला नाहीत?" उत्तर तयार होतं, दोन वाक्यांत सांगितलं. ते हसलेही नाहीत, चिडलेही नाहीत.

"बरं," म्हणाले, "पीपीएपी स्वतः किती केलेत?"