सूर्यास्त पावणेपाचचा

माझे वडील, ज्यांना आम्ही घरातले सारे अण्णा म्हणतो, तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीला आले. चाळीस वर्षे त्यांनी हळदीची अडत चालवली. तितकीच वर्षे सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचा नियम पाळला. व्यापाराच्या धावपळीतही तो मोडला नाही, हे आम्ही भावंडांनी लहानपणापासून पाहिले होते. परदेशात आमच्यापैकी पुष्कळांची अशी नियमांबाबत थोडीफार सैल झालेली असते. माझीही झालेली होती. म्हणूनच जे घडले, ते मला अगोदर सुचले नाही.

आमच्या भागातील मराठी मंडळाचा दिवाळी मेळावा नोव्हेंबरातल्या एका शनिवारी ठरला होता. मंडळाचे निवेदन घरोघरी पोचले : 'दुपारी ४ वाजता सभागृहात प्रवेश. ४.३० वाजता कार्यक्रम. ७ वाजता सहभोजन. स्वयंसेवकांनी लवकर यावे. प्रत्येक कुटुंबाने एक पदार्थ आणावा. जेवण शुद्ध शाकाहारी असेल, कांदा-लसूण विरहित पदार्थही असतील.' मी ते वाचले आणि समाधानाने अण्णांना दाखवले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "इथं दिवस किती वाजता मावळतो?"

मला उत्तर देता आले नाही. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे घड्याळे एक तास मागे घेतात. आमच्या भागात त्याच्या आदल्या शनिवारी सूर्य सहाला दहा मिनिटे कमी असताना मावळतो, आणि पुढच्या शनिवारी पावणेपाचलाच. मेळावा त्या पुढच्या शनिवारी होता. म्हणजे प्रवेशानंतर पाऊण तासात दिवस संपणार आणि जेवण त्यानंतर सव्वादोन तासांनी. अण्णा तर सूर्यास्ताच्या दोन घटका आधीच, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे आधी, जेवण उरकतात. त्यांच्या हिशेबाने तीन वाजून सत्तावन्न मिनिटांनी दिवस संपत होता. सभागृहाचे दार उघडण्यापूर्वी!

आम्ही घरून त्यांना जेवू घालून नेले असते, तर प्रश्न मिटला असता. पण निघण्याच्या गडबडीत, 'तिथे काहीतरी असेलच' अशा समजुतीने, आम्ही अकराच्या जेवणावरच निघालो. तेथे पोचलो तो दार बंद. 'लवकर यावे' या शब्दाचा अर्थ प्रत्येक स्वयंसेवकाने आपापल्या सोयीने लावला होता आणि बहुतेक जण साडेतीनला उगवले होते. शाळेचा कर्मचारी करारानुसार दोनलाच दार उघडून बसला होता, मात्र आत एक टेबलही मांडलेले नव्हते. प्रवेश सुरू झाला पावणेपाचला. अण्णा खुर्चीत बसले तेव्हा बाहेर दिवस मावळत होता.

सातला पंगत बसली. सतरा पदार्थांपैकी आठ गोड होते, कारण 'एक पदार्थ आणावा' म्हटले की दिवाळीत माणसाच्या मनात पहिले गोडच येते. उरलेल्यांपैकी पाचांत बटाटा होता. अण्णा पाण्याचा घोटही न घेता नातवंडाशेजारी बसून राहिले, आग्रह करणाऱ्या प्रत्येकाला हात जोडत. गाडीत माझ्या मुलाने विचारले, "आजोबा, तुम्हाला भूक नाही लागली?" ते म्हणाले, "लागली. पण कार्यक्रम छान झाला." त्या उत्तराने मला रात्रभर झोप लागली नाही.

दुसऱ्या वर्षी निवेदन लिहिण्याचे काम मी मागून घेतले. अण्णा तेव्हा सांगलीत होते. दूरध्वनीवर त्यांना मागचे निवेदन पुन्हा वाचून दाखवले, तर ते म्हणाले, "अरे, दुकान उघडायची वेळ आणि माल उतरायची वेळ एकच लिहिली, तर हमाल आणि गिऱ्हाईक एकदमच दारात उभे राहतील." हे एक वाक्य मी आधार धरले आणि वेळापत्रक शेवटाकडून सुरुवातीकडे मांडत गेलो.

त्या वर्षीही मेळावा घड्याळे मागे गेल्यानंतरच्या शनिवारी होता. पहिला आकडा सूर्यास्ताचा : पावणेपाच. दोन घटका वजा केल्या की चारला तीन मिनिटे कमी. म्हणून जेवण साडेतीनला संपलेच पाहिजे. एकशेवीस माणसे वाढून घेऊन निवांत जेवायची, तर दीड तास हवा. म्हणून पंगत दोनला. पावणेदोनला प्रवेश. पदार्थ मांडायला आणि गरम करायला पाऊण तास, म्हणून ते एक ते दीडच्या दरम्यान पोचले पाहिजेत. त्याआधी टेबले हवीत. म्हणून स्वयंसेवक बाराला. शाळेशी झालेल्या करारात सभागृह बारा ते सात आमचे होते आणि हे तास दार उघडल्यापासून शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत मोजले जातात. अर्धा तास जास्त झाला तरी पूर्ण तासाचे भाडे द्यावे लागते. म्हणून आवराआवरीची वेळ साडेसहाच लिहिली, अर्धा तास हाताशी ठेवून.

आधी जेवण आणि मग कार्यक्रम, हा बदल कार्यकारिणीत सहज मान्य झाला नाही. 'जेवून लोक निघून जातील, मुलांची नाटुकली पाहणार कोण?' ही शंका खरी होती. जेवण शेवटी ठेवण्यामागे प्रेक्षक धरून ठेवण्याचाच हेतू असतो, हे मला तेव्हा समजले. तोडगा असा निघाला की, कार्यक्रमानंतर पावणेसहाला चहा आणि फराळ ठेवावा. ज्यांना रात्रीचे चालते ते थांबतील, ज्यांना चालत नाही त्यांचे जेवण झालेलेच असेल.

मग पदार्थांची यादी. येथे माझी मोठी चूक झाली, तीही जैन असून! मी पहिल्या मसुद्यात 'जैन पदार्थांसाठी वेगळे टेबल' एवढेच लिहिले. दोन दिवसांत एका प्रेमळ गृहिणीचा निरोप आला : "तुमच्या टेबलासाठी मी साबुदाण्याची खिचडी आणते, तुम्हाला उपासाचं चालतं ना?" तिच्या भावनेत काही उणे नव्हते. आपल्या मराठी शेजाऱ्यांच्या मनात कांदा-लसूण नसलेले अन्न म्हणजे उपासाचे अन्न. पण खिचडीत बटाटा असतो आणि साबुदाणाही मुळातूनच, टॅपिओकाच्या कंदापासून, बनतो. 'कांदा-लसूण विरहित' हे शब्द आपल्याला पुरत नाहीत, कारण बटाटा, गाजर, मुळा, रताळे, ओले आले हे सारे त्या शब्दांबाहेर राहते. मी तिला घरी जाऊन समजावले. तिने हसून विचारले, "मग सांगा ना, काय आणू?"

हाच धडा होता. काय चालत नाही याची यादी दिली की माणूस गोंधळतो. काय आणायचे ते नावानिशी सांगितले की त्याचा उत्साह योग्य पदार्थात उतरतो. म्हणून पहिल्या टेबलाचे सहा पदार्थ मी ठरवूनच दिले : तुपातला जिरेभात, मुगाच्या डाळीचे वरण, कच्च्या केळ्याची भाजी, पीठ पेरलेली ढोबळी मिरची, पोळ्या आणि टोमॅटोची नारळ घातलेली कोशिंबीर. कोशिंबिरीत दही मुद्दाम टाळले, कारण डाळीबरोबर कच्चे दही आले की द्विदलाचा दोष सांभाळणाऱ्यांची अडचण होते. शेंगदाण्याचे कूटही टाळले, कारण इथल्या पुष्कळ मुलांना त्याचे वावडे असते. साबुदाण्याची खिचडी आणणाऱ्या बाईंनी केळ्याची भाजी आनंदाने पत्करली.

नोंदणीच्या अर्जात एक ओळ वाढवली : 'सूर्यास्तापूर्वी, कंदमुळांविना जेवणारे किती?' उत्तर आले अठ्ठावीस. मी चाळिसांचा अंदाज धरून सहा कुटुंबांना सांगितले. प्रत्येक पदार्थाच्या पात्रासमोर त्यातील जिन्नस लिहिलेली चिठ्ठी ठेवली. आणि आपल्या हाताने वाढून घेण्याऐवजी पहिल्या टेबलावर दोन वाढपी उभे केले, कारण पात्र वेगळे ठेवून भागत नाही. शेजारच्या बटाट्याच्या भाजीतला डाव नकळत वरणात जातो आणि मग चिठ्ठीला अर्थ उरत नाही.

अखेर निवेदन असे गेले : 'स्वयंसेवक : दुपारी १२, मागील दार. पदार्थ आणणारे : १ ते १.३०, मागील दार, पात्रावर आपले नाव व जिन्नस लिहून. प्रवेश : १.४५, पुढील दार, त्यापूर्वी दार उघडणार नाही. सहभोजन : २ ते ३.३०. कार्यक्रम : ३.४५ ते ५.४५. नंतर चहा-फराळ. सूर्यास्त : ४.४५.' शेवटची ओळ वाचून कार्यकारिणीत एकाने विचारले, निवेदनात सूर्यास्त कशाला? मी म्हटले, ज्यांना त्याची गरज आहे ते विचारायला संकोचतात.

सारे बिनचूक झाले असे नाही. पहिल्या टेबलावरची केळ्याची भाजी इतरांनाही आवडली आणि सव्वातीनला आलेल्या एका कुटुंबाला ती मिळाली नाही, वरण-भातावर भागवावे लागले. पुढच्या वर्षी नोंदणी केलेल्यांना पहिला अर्धा तास राखून ठेवला आणि अंदाज साठांचा धरला. पात्रे गरम ठेवणाऱ्या विजेच्या शेगड्या एकाच बटणावर तीन लावल्याने एकदा वीजही गेली. आता एका जोडणीवर एकच शेगडी लावतो.

यंदा अण्णा पुन्हा आले होते. दोनला त्यांनी ताट घेतले, तीनच्या सुमारास पाणी पिऊन हात जोडले. मग पहिल्या रांगेत बसून नातवाची नाटुकली पाहिली. पावणेपाचला खिडकीबाहेर अंधारू लागले, तेव्हा त्यांनी घड्याळाकडे पाहिले नाही. परतताना गाडीत मुलाने सवयीने विचारले, "आजोबा, भूक?" ते म्हणाले, "नाही रे. आज पोट भरलंय." थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाले, "पोळ्या मात्र थोड्या कमी पडल्या. पुढच्या वेळी वीस वाढव." मी घरी येताच वहीत लिहून ठेवले.