पडला तर एकच मोती पडावा

मोत्याच्या माळेत सगळ्यात स्वस्त पार्ट कोणता? दोरा. आणि सगळ्यात आधी जाणारा पार्टही तोच. मोती नीट सांभाळला तर दोन-तीन पिढ्या सहज टिकतो, रेशमाचा दोरा मात्र चार-पाच वर्षांचा पाहुणा. तरीही आपण माळ घेतो, जपतो, लॉकरमध्ये ठेवतो आणि दोऱ्याचा विचार करतो तो थेट माळ तुटल्यावर. सर्व्हर बंद पडल्यावर बॅकअप शोधण्यातला प्रकार!

आता तुम्ही म्हणाल, हा कोडिंग सोडून मोत्यांच्या मागे कधी लागला? त्याचं कारण माझी आई. तिच्याकडे हैद्राबादहून, चारमिनारजवळच्या पत्थरगट्टीतून 1998 साली घेतलेली एक माळ आहे. साधे कल्चर्ड मोती, सगळे एका मापाचे, 7 मिलिमीटरचे. बाबांनी घेऊन दिलेली, त्यामुळे किंमत दुकानाच्या बिलावर नाही. पुढे एका लग्नात मावशीची माळ पंगतीत तुटली आणि अर्धं वऱ्हाड टेबलांखाली वाकून मोती शोधत बसलं. अकरा मोती मिळालेच नाहीत. तेव्हापासून आईने स्वतःची माळ घातलेली नाही. "तुटली तर?" एवढाच तिचा प्रश्न. तर या प्रश्नाचं उत्तर काढायला मी दोन वीकएंड घालवले.

उत्तर आहे गाठ. मोत्यांची माळ दोन प्रकारे करता येते. एक म्हणजे नुसती ओवायची, मोत्याला मोती लावून. आपल्याकडे कित्येक माळा अशाच मिळतात, आईचीही तशीच होती. दुसरा प्रकार म्हणजे गाठवायची, प्रत्येक दोन मोत्यांमध्ये एक बारीक गाठ. गाठवलेली माळ तुटली तर दोन शेजारच्या गाठींमधला एखादाच मोती सुटतो, बाकीचे जागच्या जागी राहतात. पण गाठीचं दुसरं काम त्याहून महत्त्वाचं. मोती फार मऊ असतो, नखापेक्षा जरासाच कठीण. नुसत्या ओवलेल्या माळेत शेजारचे मोती वर्षानुवर्षं एकमेकांना घासतात आणि भोकाभोवतीची चकाकी उडते. गाठ त्या दोघांमध्ये छोट्याशा गादीसारखी बसते.

आधी दोरा बदलायची वेळ झाली का ते बघायचं. माळ एका टोकाला धरून उभी लोंबकळू द्या. गाठवलेली असेल तर मोती आणि गाठ यांच्यामध्ये दोरा दिसतो का पाहा. दिसला, तर रेशीम ताणलं गेलंय. हुकाजवळचे तीन-चार मोती आधी तपासा, कारण सगळा ताण तिथे आणि मानेचा घामही तिथेच. दोरा करडा पडला असेल, त्याला लव सुटली असेल किंवा गाठ मोत्याच्या भोकात शिरत असेल, तर त्या माळेला कार्यक्रमाला नेऊ नका. गाठी नसतील तर माळ टेबलावर सरळ ठेवून मोती एका बाजूला सारा. दुसऱ्या टोकाला किती दोरा उघडा पडतो त्यावर अंदाज येतो.

किती वर्षांनी, याचं उत्तर वापरावर आहे. आठवड्यातून एक-दोनदा ऑफिसला घालत असाल तर दर एक-दोन वर्षांनी. सणावारी, लग्नकार्यात घालत असाल तर तीन ते पाच वर्षांनी. अजिबात घालत नसाल तरी पाच वर्षांनी तपासणी हवीच, कारण रेशीम नुसतं पडून राहिलं तरी जुनं होतं. घाम, तेल, परफ्यूम त्यात मुरतं, त्यावर धूळ बसते आणि तो मळका दोरा भोकाच्या कडा आतून झिजवतो. म्हणजे दोरा जुना झाला की धोका फक्त तुटण्याचा नसतो.

मग नायलॉन का नको? मीही हेच विचारलं होतं. तंगूस मजबूत असतो, पण ताठ असतो. त्याची गाठ मोत्याला बिलगून बसत नाही, आणि मोती मऊ असल्यामुळे तो कडेला कापतोसुद्धा. रेशमाचा अशक्तपणा हाच इथे त्याचा गुण आहे. झिजायचंच असेल तर स्वस्त दोऱ्याने झिजावं, मोत्याने नको.

दोरा मी कार्डावर गुंडाळलेला घेतला. ग्रिफिन नावाची जर्मन कंपनी असे कार्ड विकते. दोन मीटर रेशीम, एका टोकाला केसासारख्या तारेची सुई आधीच वळवलेली. दोऱ्याला नंबर असतात आणि नंबर वाढला की जाडी वाढते. मी नंबर 2 घेतला, जाडी 0.45 मिलिमीटर. योग्य जाडी ओळखायची सोपी खूण अशी की, दोरा मोत्यातून एकदा सहज जावा आणि दुसऱ्यांदा जरा ओढून जावा. दुसऱ्यांदा जायला हवा, कारण शेवटी तो हुकातून परत फिरून येतो. आणि त्याची साधी गाठ भोकापेक्षा मोठी व्हायला हवी, नाहीतर ती आत घुसते.

आता गणित (माझा आवडता भाग). आईच्या माळेत 63 मोती. 63 गुणिले 7 म्हणजे 441 मिलिमीटर, वर हुक. यात 62 गाठी आल्या की प्रत्येक गाठ घट्ट बसल्यावर अंदाजे पाऊण मिलिमीटर जागा घेते. म्हणजे माळ 46 मिलिमीटरने लांबणार, जवळपास दोन इंच! आईला माळ गळ्याशी बसणारी हवी होती. एक मोती अधिक एक गाठ म्हणजे 7.75 मिलिमीटर, म्हणून सहा मोती काढले. 57 मोत्यांचे 399 आणि 56 गाठींचे 42, बेरीज पुन्हा 441. काढलेले सहा मागच्या, हुकाजवळच्या बाजूचे होते. ते वेगळ्या पुडीत ठेवले आहेत, कधी एखादा हरवला तर त्याच माळेतला जोडीदार मिळेल. (हे आधी आईला विचारूनच केलं. "मोती कमी झाले" हे वाक्य नंतर ऐकायची माझी तयारी नव्हती.)

प्रत्यक्ष काम असं. टॉवेलची एक लांब घडी घालून तिच्या खाचेत मोती मांडायचे, म्हणजे गडगडत नाहीत आणि क्रम राहतो. माळेचा आधी फोटो काढायचा. लहानापासून मोठ्याकडे चढत जाणारी माळ असेल तर क्रम म्हणजे सगळं काही. मोती साबणाच्या अगदी सौम्य कोमट पाण्यात बुडवलेल्या ओल्या फडक्याने पुसून रात्रभर वाळवले. दोरा कार्डावरून काढून हातभर-हातभर ताणून घेतला, म्हणजे कार्डाच्या घड्या जातात आणि नंतरचं ताणणं आधीच थोडं होऊन जातं.

सुरुवात हुकापासून. पहिले तीन मोती गाठ न मारता ओवले, मग जेमतेम पाऊण सेंटिमीटरची तारेची बारीक स्प्रिंग घातली. हिला फ्रेंच वायर म्हणतात. ती हुकाच्या कडीतून वळते आणि दोऱ्याला धातू घासू देत नाही. मग सुई परत पहिल्या मोत्यात, गाठ, दुसऱ्यात, गाठ, तिसऱ्यात, गाठ. दोऱ्याचं मोकळं टोक आतच अडकतं. पुढे एकेक मोती आणि एकेक गाठ. दुसऱ्या टोकाला हेच उलट. शेवटचे तीन मोती गाठीविना सोडायचे, स्प्रिंग आणि हुकातून फिरून परत येताना त्यांच्यात गाठी मारायच्या आणि टोक कापायचं. फेविक्विकचा मोह टाळा. ते वाळून दोरा कडक होतो आणि नेमका तिथेच मोडतो.

गाठीची युक्ती अशी की ती बोटांनी आवळायचीच नाही. सैल साधी गाठ घ्यायची, तिच्या वेढ्यात दाभणाचं टोक घालायचं आणि त्या टोकाने वेढा मोत्यापर्यंत सरकवत न्यायचा. मोत्याला टेकला की दोरा ओढायचा, अगदी शेवटच्या क्षणी दाभण काढून घ्यायचं आणि गाठ नखाने मोत्याकडे दाबायची. मी पहिल्या वीकएंडला प्लॅस्टिकच्या मण्यांवर सराव केला. बरोबर जमलं का हे ओळखायला दहा-बारा मोती झाले की माळ दोन टोकांना धरून बघा. छान गोल झोळी पडली पाहिजे. मध्येच कोपरा दिसला तर गाठ फार आवळली आहे, फट दिसली तर सैल. 57 मोत्यांना मला साडेतीन तास लागले.

एक मर्यादा मात्र पाळा. आजीची नथ, तन्मणी किंवा जुने बसरा मोती असतील तर घरी हात लावू नका. त्यांची भोकं फार बारीक असतात, हा दोरा जाणारच नाही, आणि भोक मोठं करणं म्हणजे मोत्यावरच घाला. ते काम पटवेकऱ्याचं. त्याच्याकडे जाताना मोती मोजून, फोटो काढून न्या आणि शक्यतो समोर बसून गाठवून घ्या. निम्मं शिक्षण तिथे बघताना फुकटात होतं.

नवी माळ आईने पुढच्याच रविवारी घातली. हिसका मारून बघितला (माझा जीव वर-खाली), "हं, बरी झालीय" म्हणाली आणि भाजी आणायला गेली. मोत्याची माळ घालून!

राहिलं ठेवणं. माळ कधीही खुंटीला टांगू नका, स्वतःच्या वजनाने रेशीम ताणत राहतं. मलमलच्या पिशवीत आडवी, सोन्यापासून आणि खड्यांपासून वेगळी, कारण तेही मोत्याला ओरखडे काढतात. हवाबंद प्लॅस्टिकची पिशवी नको, फार कोरड्या जागी मोत्याला बारीक तडे जाऊ शकतात. लॉकरमध्ये ठेवायची असेल तर अधूनमधून बाहेर काढून घाला. परफ्यूम, पावडर, गजरा सगळं झाल्यावर माळ सगळ्यात शेवटी चढवायची आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी उतरवायची. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, घामातलं आम्लही त्याला खातं. मऊ फडक्याने पुसा, आणि दोरा ओला झाला असेल तर रात्रभर आडवी वाळू द्या. ओलं रेशीम जास्त ताणलं जातं.

आणि पिशवीत एक चिठ्ठी टाका. आमच्या चिठ्ठीवर गाठवल्याची तारीख आहे, खाली "57 + 6 सुटे, दोरा नं. 2", आणि त्याखाली तीन वर्षांनंतरची तारीख. तीच तारीख कॅलेंडरलाही टाकून ठेवली आहे. गाडीच्या सर्व्हिसिंगच्या रिमाइंडरशेजारी.