शुभेच्छांची क्रियापदे

वाढदिवसाच्या संदेशात 'माझी इच्छा आहे की' हे शब्द प्रत्येक वाक्याच्या आरंभी येऊ लागले की मजकूर कंटाळवाणा झाल्याचे कोणालाही जाणवते; परंतु तो नेमका कुठे बिघडला हे मात्र पहिल्या वाचनात क्वचितच कळते. धाकट्या भावाने थोरल्या बहिणीसाठी लिहिलेला पुढील मसुदा नमुना म्हणून घेता येईल: 'ताई, वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा! माझी इच्छा आहे की तुझं आरोग्य चांगलं राहावं. माझी इच्छा आहे की तुला नव्या नोकरीत यश मिळावं. माझी इच्छा आहे की तू नेहमी हसत राहावंस. माझी इच्छा आहे की तुझी सगळी स्वप्नं पूर्ण व्हावीत. माझी इच्छा आहे की आपण लवकर भेटावं.'

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे वाक्यारंभीचे शब्द गाळणे. तो योग्यच आहे, कारण 'शुभेच्छा' म्हटल्यावर इच्छा कोणाची हे सांगण्याची गरज उरत नाही. पण तेवढे केल्यावर दुसरी, अधिक चिवट पुनरुक्ती उघडी पडते. मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते आणि कानात तेच रेंगाळते, त्यामुळे राहावं, मिळावं, राहावंस, व्हावीत, भेटावं ही विध्यर्थी रूपे, म्हणजे कर्तव्य, योग्यता, इच्छा असे अर्थ सुचवणारी रूपे, एकापाठोपाठ एक आदळत राहतात. वाक्यांची लांबीही जवळजवळ सारखी असल्याने हा ठेका मोडत नाही.

दुसरा उपाय समानार्थी शब्दांचा, आणि तो बहुधा फसतो. एका वाक्यात 'माझी मनोकामना आहे', दुसऱ्यात 'मी आशा करतो', तिसऱ्यात 'ईश्वरचरणी प्रार्थना' अशी अदलाबदल केली, तरी वाक्याचा साचा तोच राहतो आणि अर्थ मात्र नकळत सरकतो: आशेत अपेक्षा मिसळलेली असते, तर प्रार्थनेत भावाबहिणीच्या बोलण्यात देव मध्यस्थ म्हणून येतो. त्यात 'उत्तरोत्तर प्रगती होवो' यासारखे छापील शुभेच्छापत्रातले वाक्य शिरले, तर लिहिणारा भाऊ नसून एखादी पतसंस्था असावी असे वाटू लागते.

खरे संपादन सुरू होते ते प्रत्येक वाक्य मुळात इच्छा आहे का, हे विचारण्यापासून. लवकर भेटण्याची गोष्ट इच्छा नसून बेत आहे. नोकरीतील यशाविषयी भावाला खात्री आहे. आरोग्याच्या वाक्यामागे बहीण जेवणाच्या वेळा पाळत नाही ही तक्रार दडलेली आहे. हसण्याचे वाक्य म्हणजे तिच्याविषयीचे निरीक्षण आहे. सगळ्या स्वप्नांचे वाक्य कोणालाही पाठवता येते, म्हणून ते गाळले तरी चालते. ही वर्गवारी झाल्यावर क्रियापदे आपोआप वेगळी होतात: 'ताई, वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा! नव्या नोकरीत तुझ्या कामाची किंमत सगळ्यांना कळेलच. त्या धावपळीत दुपारचं जेवण मात्र चुकवू नकोस. तुझं ते मोठ्यानं हसणं फोनवर ऐकलं तरी बरं वाटतं, ते असंच राहो. दिवाळीत भेटू.'

येथे खात्रीला भविष्यकाळ मिळाला, तक्रारीला नकारार्थी आज्ञा मिळाली, निरीक्षणाला वर्तमानकाळ मिळाला आणि खरी इच्छा एकच उरली. ती 'राहो' या रूपात आली आहे. हे आज्ञार्थाचे तृतीयपुरुषी रूप असून मराठीत ते आशीर्वादासाठी वापरले जाते. एकदाच आल्यामुळे त्याचे वजन टिकते. निरीक्षण आणि इच्छा एकाच वाक्यात जोडल्याने लांब झालेल्या ओळीनंतर 'दिवाळीत भेटू' हे दोन शब्द नेमके थांबवतात.

तथापि आवृत्ती सर्वत्र दोषच ठरते असे मानणे चुकीचे होईल. ज्ञानेश्वरीच्या शेवटी येणाऱ्या नऊ ओव्यांच्या पसायदानात आशीर्वादार्थी रूपांची मालिकाच आहे, तरी ती कंटाळवाणी होत नाही. मागणारा स्वतःचा उल्लेख आरंभीच्या ओवीत करतो आणि मग थेट शेवटच्या ओवीपर्यंत बाजूला होतो. पुढे प्रत्यय बहुधा तोच राहिला तरी धातू बदलतो, कर्ता बदलतो, दुष्टांपासून सर्व प्राणिमात्रांपर्यंत मागणीचा पल्ला वाढत जातो, आणि मध्ये संतांचे वर्णन आल्याने मागणी थोडा वेळ थांबते. उपर्युक्त मसुद्यात यातले जवळजवळ काहीच नव्हते: मागणारा पाच वेळा पुढे येत होता, 'राहणे' हा धातू दोनदा आला होता, आणि वाक्यांचा क्रम उलटा केला असता तरी कोणाला कळले नसते.

संदेश पाठवण्यापूर्वी लिहिणाऱ्याने त्यातील फक्त क्रियापदे एका ओळीत लिहून मोठ्याने वाचून पाहावीत. तीन रूपे लागोपाठ सारखी ऐकू आली, तर शब्दकोश उघडण्याऐवजी त्यांतली खरी इच्छा कोणती हे आधी ठरवावे.