वर्षांचं भाषांतर

माझी पुतणी न्यू जर्सीत असते आणि तिचा पार्ल्यातला फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. त्यामुळे आयकर खात्याची पत्रं वहिनींना मराठीत सांगणं आणि पुतणीच्या अमेरिकन हिशेबनीसासाठी सोप्या इंग्रजीत लिहून देणं, ही दोन्ही कामं माझ्याकडे आली. म्हणजे इंग्रजीतून इंग्रजीत भाषांतर! हसू नका, तेच जास्त अवघड.

खरी अडचण 'वर्ष' या साध्या शब्दाची. आपल्या १९६१ च्या कायद्यात दोन वर्षं होती. ज्यात कमाई होते ते 'प्रीव्हियस इयर' आणि त्यानंतरचं, ज्यात कर ठरतो, ते 'असेसमेंट इयर'. पहिल्याचं 'मागील वर्ष' केलं की वहिनी विचारतात, "मागील म्हणजे गेल्या वर्षीचं का हो?" म्हणून मी 'कमाईचं वर्ष' आणि 'कर ठरवण्याचं वर्ष' असंच लिहिते.

विवरणपत्रावर मोठ्या अक्षरांत कर ठरवण्याचं वर्ष छापलेलं असतं. समजा तिथे २०२४-२५ आहे. अमेरिकेत सर्वसामान्य माणसाचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे तिथला हिशेबनीस ते २०२४ चं समजणार. पण ती कमाई १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४ ची. महिना ४०,००० भाडं धरलं तर ४,८०,००० पैकी ३,६०,००० त्यांच्या २०२३ मध्ये जातात आणि उरलेले १,२०,००० त्यांच्या २०२४ मध्ये. म्हणून मी मूळ शब्द तसाच ठेवते आणि शेजारी दोन्ही तारखा लिहिते. शब्द बदलला तर पत्र आणि भाषांतर जुळत नाही, आणि तारखा दिल्या नाहीत तर अर्थ जुळत नाही.

आता २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आणि ही जोडी जाऊन एकच 'टॅक्स इयर' आलं, म्हणजे ज्या वर्षी कमाई त्याच वर्षाचं नाव. सोपं झालं खरं, पण मध्येच एक खड्डा आहे. जुन्या कायद्याचं 'असेसमेंट इयर २०२६-२७' म्हणजे मार्च २०२६ ला संपलेल्या वर्षाची कमाई. नव्या कायद्याचं 'टॅक्स इयर २०२६-२७' म्हणजे त्याच्या पुढच्या वर्षाची. आकडे तेच, कमाई वेगळी! कागदावर नुसतं '२०२६-२७' दिसलं तर आधी मागचा शब्द वाचायचा आणि कायदा १९६१ चा की २०२५ चा ते बघायचं.

शिवाय 'टॅक्स इयर' हा शब्द अमेरिकेतही आहे, तो त्यांच्या जानेवारी-डिसेंबरचा. ब्रिटनमध्येही आहे, तिथे ते ६ एप्रिलला सुरू होतं. पूर्वी आपला शब्द परका वाटायचा म्हणून हिशेबनीस थांबून विचारायचा तरी. आता ओळखीचा वाटेल आणि तो विचारणारच नाही. म्हणून तारखा लिहिणं मी सोडणार नाही.

तुमच्यापैकी कुणी मुलांची अशी पत्रं वाचत असाल, तर तुम्ही 'असेसमेंट'ला काय म्हणता ते जरूर कळवा.