लाभांश घटल्याचं पत्र

गिरणीचा वार्षिक अहवाल सोलापुरात आमच्या घरी टपालाने यायचा. पातळ, पिवळट कागदाचं पुस्तक, आत ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि सगळ्यात पुढे अध्यक्षांचं निवेदन. मजकूर इंग्रजीत असायचा. वडील तो आधी मनात वाचत आणि मग आईला मराठीत सांगत. एरवी दीड पानात संपणारं निवेदन तीन पानांवर गेलं, की त्या वर्षी लाभांश कमी झालेला आहे हे वडील मजकूर न वाचताच ओळखायचे.

पण ती तीन पानं वाचायला मला आवडायची. कापसाचा भाव हंगामाच्या सुरुवातीला किती होता आणि शेवटी किती झाला, वीजकपातीमुळे किती पाळ्या बुडाल्या, महागाई भत्ता किती वाढला, गोदामात किती कापड पडून आहे, असं सगळं त्यात असायचं. कारणं डोळ्यांसमोरची होती. तिसरी पाळी बंद झाल्याचं पत्रातून कळायच्या आधी भोंग्यावरून कळायचं. कापड पडून आहे हे मंगळवार पेठेतल्या कुठल्याही व्यापाऱ्याला विचारावं. अध्यक्ष लिहीत होते ते गावाला पडताळून पाहता येत होतं, आणि लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक असावं असं मला वाटतं.

सोलापूरच्या जुन्या माणसांना अशा पत्राची धास्ती होती, त्यालाही कारण होतं. 1877 साली सुरू झालेली जुनी गिरणी, म्हणजे शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, ऑगस्ट 1949 मध्ये बंद पडली. जानेवारी 1950 मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार आपल्या हाती घेतला. कंपनीचं भरणा झालेलं भांडवल 32 लाख रुपये होतं. त्यातले निम्मे, म्हणजे 16 लाख, प्रेफरन्स शेअरचे. शेअर शंभर रुपयांचा, पण भागधारकांनी भरलेले फक्त पन्नास. एखाद्या वर्षी लाभांश चुकला तर तो पुढच्या वर्षांत साचत जाईल, अशी या शेअरची अट होती. म्हणून सावध माणसं ते घेत. सरकारने नेमलेल्या संचालकांनी मात्र भागधारकांना उरलेले पन्नास रुपये भरायला सांगितलं. लाभांशाची वाट पाहणाऱ्याच्या हाती पैशांची मागणी पडली. द्वारकादास श्रीनिवास या भागधारकाने न्यायालयात दाद मागितली, आणि डिसेंबर 1953 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. ताबा घेण्याची ती पद्धत म्हणजे मोबदला न देता मालमत्ता हिरावून घेणं आहे, असं न्यायालयाने ठरवलं. आज कायद्याचे विद्यार्थी हा खटला घटनेच्या अभ्यासात वाचतात. आमच्या घरी तो ‘पन्नास रुपयांची नोटीस’ या नावाने ओळखला जायचा.

लाभांश घटला म्हणजे गिरणी बुडाली असं मात्र नव्हे. हे मला नीट कळलं ते 1974 साली. महागाई आवरण्यासाठी जुलैमध्ये सरकारने लाभांशावरच मर्यादा घातली. करानंतरच्या नफ्याचा एक तृतीयांश किंवा शेअरच्या दर्शनी किमतीवर बारा टक्के, यांतली जी रक्कम कमी असेल तेवढाच लाभांश वाटता येणार होता. समजा, शंभर रुपयांच्या शेअरमागे 27 रुपये नफा झाला आणि आदल्या वर्षी कंपनीने 20 रुपये दिले होते. नफ्याचा तिसरा हिस्सा 9 रुपये, बारा टक्क्यांचे 12. मिळणार 9. पंचवीस शेअर असलेल्या घरात पाचशेच्या जागी सव्वादोनशे येणार. नफा घटलेला नाही, गिरणी धडधाकट आहे, तरी अध्यक्षांना दिलगिरीचं पत्र लिहावं लागणार. त्या वर्षीचं पत्र खरं तर लिहायला सर्वांत सोपं होतं, कारण दोष कोणाचाच नव्हता आणि शेअरमागचे उरलेले 18 रुपये कंपनीतच राहणार होते.

ते कंपनीत राहिले तर कोणाचे झाले, हा प्रश्न मला आजच्या पत्रांत पुन्हा भेटतो. 4 डिसेंबर 2020 रोजी रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की व्यापारी आणि सहकारी बँकांनी 2019-20 च्या नफ्यातून लाभांश देऊ नये. कोरोनात कर्जं थकतील, तोटा सोसायला भांडवल हाताशी हवं, असा त्यामागचा हिशेब. सोलापुरात नागरी सहकारी बँकांचे सभासद घरोघरी आहेत. शेअर बाजारात नोंदलेल्या बँकेच्या भागधारकाचा न वाटलेला नफा बँकेच्या भांडवलात राहतो आणि पुढेमागे शेअरच्या भावात उतरण्याची आशा तरी असते. सहकारी बँकेचा शेअर दर्शनी किमतीलाच परत घेतला जातो. शंभराचे शंभरच. सभासदाला मिळणारा मोबदला काय तो लाभांशच, आणि त्यालाही महाराष्ट्राच्या सहकार कायद्याने पंधरा टक्क्यांची कमाल मर्यादा घातलेली. शिवाय अनेकांनी ते शेअर हौसेने घेतलेले नसतात. कर्ज घेताना अनेकदा कर्जाच्या ठरावीक टक्क्यांइतके शेअर घ्यावे लागतात. अशा सभासदाला ‘आपला निधी सुरक्षित आहे’ एवढंच लिहून भागत नाही. तो निधी त्याच्या हाती कधीच येणार नाही, तर मग त्याच्यासाठी त्याचा उपयोग काय, हे अध्यक्षांनी लिहायला हवं होतं. माझ्या हाती आलेल्या मनोगतात ते नव्हतं. परिपत्रकाचा क्रमांक मात्र होता.

आता अहवाल ईमेलवर येतो, दोनशे पानांचा, गुळगुळीत छायाचित्रांसह. लाभांश घटला की ‘भविष्यातील वाढीच्या संधींसाठी’ असं लिहून येतं. कुठली संधी, किती कोटींची, कधी फळणार, याचा पत्ता नसतो. मला जुनी तीन पानं आठवतात आणि हळहळ वाटते. गावातला माणूस गावातल्या माणसांना हिशेब देतोय, ही जाणीव त्यांत होती.

तरी जुन्या पानांत काय नसायचं, तेही लपवायला नको. कंपनीचा कारभार मॅनेजिंग एजंटांकडे असायचा आणि त्यांचं कमिशन नफ्यातून आधी निघायचं. लाभांश का घटला याची कापसापासून विजेपर्यंत चर्चा व्हायची, या कमिशनचा उल्लेख निवेदनात क्वचितच. ती पद्धत एप्रिल 1970 मध्ये कायद्याने संपली. आज संचालकांचं मानधन तक्त्यात छापावं लागतं, बाजारातल्या मोठ्या कंपन्यांना लाभांशाचं धोरणही जाहीर करावं लागतं. आणि एक पान असं मिळतं जे वडिलांना कधीच मिळालं नाही, ते म्हणजे रोख प्रवाह पत्रक. कागदावर वीस कोटी नफा दिसतो, पण त्यातले चौदा कोटी ग्राहकांकडची उधारी आणि न विकलेला माल यांत अडकलेले असतात. मग ‘संधीं’साठी म्हणून राखलेला पैसा खरं तर हातात आलेलाच नसतो. एखाद्या वर्षी असं होणं समजू शकतं. सलग तीन वर्षं उधारी विक्रीपेक्षा वेगाने वाढत असेल, तर पत्र कितीही गोड असो, मी ते बाजूला ठेवतो.

कंपनीच्या सर्वसाधारण सभेला संचालकांनी सुचवलेला लाभांश कमी करता येतो, वाढवता येत नाही. म्हणून ‘जास्त द्या’ असं तिथे ओरडण्यात अर्थ नाही. आता सभा पडद्यावर होते, आधी नाव नोंदवलं तर दोन-तीन मिनिटं बोलायला मिळतात. माझा प्रश्न ठरलेला असतो. या वर्षी धंद्यातून रोख किती आली, त्यातली नव्या यंत्रांवर किती गेली, कर्ज फेडायला किती गेली, आणि लाभांश पुन्हा पूर्वीइतका व्हायला यांतलं काय बदलावं लागेल?