मास्क काढल्यावर गाडीची किल्ली कधी हातात घ्यावी?



मागच्या डिसेंबरात माझी खालची अक्कलदाढ काढली. दाढ आडवी होती, हिरड्या सुजायच्या, आणि इंजेक्शनची सुई दिसली की मला घेरी येते. जामहून नागपूर सत्तरेक किलोमीटर. ह्यांना दुकान सोडता येत नव्हतं, मुलगा पुण्याला. गाडी मीच चालवते, तेव्हा मी एकटीच गेले. फोनवर डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं, “काकू, भीती वाटत असेल तर नाकावाटे गॅस देऊ.” मी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की मग परत गाडी चालवत येता येईल का? त्या दिवशी घरी पोचून चौविहाराच्या आत दोन घास पोटात जायला हवे होते, आणि डिसेंबरात आपल्याकडे साडेपाच-पावणेसहालाच सूर्य मावळतो.

त्या म्हणाल्या, “फक्त गॅस असेल तर येईल. पण मी सांगेपर्यंत खुर्चीवरून उठायचं नाही.” या वाक्यातला ‘फक्त’ हा शब्द मला तेव्हा कळला नव्हता.

हा गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साइड. लोक त्याला हसवणारा वायू म्हणतात, मला काही हसू आलं नाही. बारा वाजून दहा मिनिटांनी नाकावर छोटा मास्क लावला. आधी नुसता ऑक्सिजन, मग त्यात थोडा थोडा गॅस वाढवत नेतात. बहुतेकांना तीस-चाळीस टक्क्यांत पुरतं, आणि यंत्रच असं असतं की ऑक्सिजन तीस टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही. तीन-चार मिनिटांत बोटांना मुंग्या आल्या, पाय जड आणि उबदार झाले, आवाज जरा लांबून येतोय असं वाटू लागलं. शुद्ध मात्र पूर्ण होती. मॅडम विचारत होत्या आणि मी मान हलवत होते. तोंडाने बोलायला लागलं की बाहेरची हवा आत जाते आणि अंमल कमी होतो, म्हणून बोलायचं नाही. मळमळलं किंवा गरगरलं तर हात वर करायचा, म्हणजे त्या प्रमाण कमी करतात. (गप्प बसण्याची ही अट मला सुईपेक्षा जड गेली, हे ह्यांना सांगू नका.) सुई टोचली ती कळली, पण तिचं काही वाटलं नाही. वेदना थांबवायचं काम मुख्यतः सुईचंच; गॅस मुख्यतः भीती उतरवतो.

पावणेएकला दाढ हातात आली. गॅस बंद करून पाच मिनिटं पुन्हा नुसता ऑक्सिजन दिला. मी म्हटलं, झालं की आता, हा कशाला? त्यांनी सांगितलेलं कारण मला फार पटलं. हा वायू रक्तात फारसा विरघळत नाही. यकृताने तो मोडायचा, मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा, असलं काही नसतं. श्वासातून आला तसा श्वासातूनच जातो, म्हणून एवढ्या लवकर उतरतो. पण गॅस बंद केल्याबरोबर तो रक्तातून एकदम फुप्फुसात लोटतो आणि तिथल्या ऑक्सिजनची जागा अडवतो. तेव्हा साधी हवा घेतली तर डोकं दुखतं, चक्कर येते. ती पाच मिनिटं वाचवायला जाऊ नये.

दहा-बारा श्वासांतच मला अगदी ताजंतवानं वाटलं. मी पर्स उचलली, बाहेर आले. बाईंनी फॉर्मवर मोबाइल नंबर लिहायला सांगितला आणि मी माझाच नंबर दोन आकडे उलटे लिहून दिला. चूक त्यांनी दाखवली, मला दिसली नव्हती. ‘बरं वाटणं’ लवकर परत येतं. हात, नजर आणि विचार यांचा मेळ बसायला आणखी थोडा वेळ जातो. म्हणूनच गॅस बंद झाल्यावर निदान अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात आणि मग पाहतात. काही ठिकाणी कागदावरचे ठिपके जोडायला देतात, आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखे. रेघ ठिपक्यांवरून गेली तर ठीक, बाहेर पडली तर आणखी बसा. मला सरळ रेषेत चालायला लावलं, एका पायावर उभं केलं, आणि नंबर पुन्हा लिहायला लावला. तेव्हा तो बरोबर आला.

मी पाऊण तास बसले. गालातला बोळा अर्ध्या तासाने काढला, रक्त थांबलं होतं. अर्धा ओठ बधिर होता, पण त्याने डोकं बधिर होत नाही. दीडच्या सुमारास निघाले. हायवेवर ट्रकांची रांग असते, म्हणून मुद्दाम सावकाश आले आणि बुटीबोरीला दहा मिनिटं थांबले. तिथे कळलं, गॅस कधीचाच उतरला होता. अंगात उरला होता तो रात्रीच्या जागरणाचा आणि सकाळच्या अर्ध्या जेवणाचा थकवा. तो कुठल्याही चाचणीत दिसत नाही. तसा थकवा जास्त असता तर मी तिथून ह्यांना फोन केला असता. घरी आल्यावर ओठाला संवेदना यायला चार वाजले, तोवर मी काही चावलं नाही, कारण बधिर गाल दाताखाली आला तर कळत नाही. पाच वाजता गार केलेला दूधभात खाल्ला.

आता त्या ‘फक्त’बद्दल. माझं ऐकून वर्ध्याच्या माझ्या नणंदबाई महिन्याभराने दुसऱ्या एका दवाखान्यात गेल्या. त्या माझ्याहून भित्र्या. त्यांना गॅसच्या आधी झोपेच्या जातीची एक गोळीही दिली होती. संध्याकाळी उठून बसल्या, चहा प्यायल्या, “वहिनी, तुझ्यासारखंच झालं गं” असं मला फोनवर सांगितलं, आणि अ‍ॅक्टिव्हा काढून मंदिरात निघाल्या. ओळखीचं वळण सोडून दोन चौक पुढे गेल्या. कशा गेल्या ते आठवेना. नशीब, काही झालं नाही. चौकशी केली तेव्हा समजलं, चोवीस तास गाडी चालवायची नाही हे त्यांना सांगितलं होतं. पण अशा औषधाने त्या वेळचं बोलणंच लक्षात राहत नाही. ते सोबतच्या माणसाला सांगायला किंवा कागदावर लिहून द्यायला हवं होतं. गॅस श्वासातून मिनिटांत जातो. गोळी किंवा शिरेतून दिलेलं गुंगीचं औषध रक्तात तासन्‌तास राहतं. दोन्ही दिली असतील तर हिशोब गोळीचा धरायचा, गॅसचा नाही. म्हणजे चोवीस तास गाडी नाही, आणि घरी न्यायला कुणीतरी बरोबर हवंच. म्हणून वेळ ठरवतानाच विचारा, “गॅसशिवाय आणखी काय देणार?”

आपल्या घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. हा वायू शरीरातलं बी-१२ निकामी करतो. तब्येत चांगली असलेल्या बाईला एका छोट्या बैठकीने काही होत नाही. पण आपल्यात मांस-अंडी नाहीत, कुणी दूधही सोडलेलं असतं, त्यामुळे बी-१२ कमी असणाऱ्या बायका घरोघरी आहेत. पायांना कायम मुंग्या येत असतील किंवा तपासणीत कमी आलेलं असेल तर गॅसच्या आधी डॉक्टरांना सांगा. दिवस गेलेले असतील तर तेही सांगा. सर्दीने नाक चोंदलं असेल तर तारीख पुढे ढकला, नाकच बंद तर गॅस जाणार कुठून?

नणंदबाईंची दुसरी दाढ पुढच्या महिन्यात आहे. गोळी नको, फक्त गॅस, असं त्यांनी ठरवलंय. न्यायला-आणायला मी जाणार आहे.