वाटणीपत्राचे इंग्रजी

निवृत्तीनंतर वर्तकनगरातील घरी बसून, अमेरिकेतील ताईंच्या मुलांसाठी आमच्या वाटणीपत्राचा इंग्रजी गोषवारा मी तयार केला. आम्ही वाटेकरी तिघे, दोघे भाऊ आणि ताई.

कल्याण तालुक्यातील शेतजमिनीचे क्षेत्र सातबाऱ्यावर ०.८१.०० असे आहे. म्हणजे शून्य हेक्टर, ८१ आर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. परदेशी वाचकाने आरला एकर समजल्यास सुमारे दोन एकरांची जमीन ८१ एकर होते! म्हणून मी ८१०० चौरस मीटर लिहून प्रत्येकी २७०० असा हिस्सा दाखविला. ‘गट क्रमांक’ मात्र रोमन अक्षरांत तसाच ठेवला. त्याचे ‘ग्रुप’ केले, तर अभिलेखात शोधणार काय?

खरी कसोटी ‘हक्कसोड’ या शब्दाची होती. ताईंनी राहत्या घरातील हिस्सा नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडला आहे, शेतजमिनीतील नव्हे. ‘हक्क सोडले’ एवढेच भाषांतर केले असते, तर मुलांनी जमिनीवरही पाणी सोडले असते. मुलींना जन्मतः समान वाटा देणारी २००५ ची दुरुस्ती जैन कुटुंबांनाही लागू आहे. म्हणून ‘रिलीज’ या शब्दापुढे ‘केवळ घरापुरते’ असे स्पष्ट लिहिले. ‘गिफ्ट’ म्हटले नाही, कारण बक्षीसपत्र हा निराळा दस्त आहे.

शेवटी नमूद केले, की अर्थभेद झाल्यास मूळ मराठी दस्तच प्रमाण मानावा.